पाचदा माल संपला, तरी ९८ टक्के सर्व्हिस? फिल रेट आणि सायकल सर्व्हिस लेव्हलचा हिशोब

या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर आकडे भराभर लिहिले गेले, त्यामुळे हा लेख जरा सावकाश लिहितोय. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल. एक वही, पेन आणि मोबाइलवर गुगल शीट एवढं जवळ ठेवा.

उदाहरण एका इलेक्ट्रिकल दुकानाचं घेऊ. दुकानात दोन आयटम आहेत. एक फॅनचा अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दुसरा वीस वॅटची एलईडी ट्यूब, म्हणजे बॅटन. दोन्ही रोज सरासरी १० नग जातात. दोन्ही एकाच होलसेलरकडून येतात आणि फोन केल्यापासून माल दुकानात पोचायला ४ दिवस लागतात. फरक एकच. कपॅसिटर छोटा आणि स्वस्त, म्हणून एका वेळी ३०० नग मागवले जातात. बॅटन लांबडी, जागा खाते, पैसेही अडकवते, म्हणून एका वेळी ६० नग.

दुकानदाराचा नियम साधा आहे. चार दिवसांत सरासरी ४० नग जातात, म्हणून स्टॉक ४० वर आला की फोन करायचा. हा ४० चा आकडा म्हणजे रीऑर्डर पॉइंट. नियम ऐकायला रास्त वाटतो. पण सरासरी ४० म्हणजे दर वेळी ४० नव्हे. कधी २० जातात, कधी ६०. ६० जातात तेव्हा शेवटच्या दिवशी दुकानात नग नसतो आणि इलेक्ट्रिशियन "बरं, बघतो पुढे" म्हणून शेजारच्या दुकानात जातो.

आता बॅटनची वही उघडू. फोन केल्यापासून माल येईपर्यंत गिऱ्हाइकांनी किती नग मागितले, याची दहा ऑर्डरींची नोंद अशी: ३३, ४७, २४, ५२, ३९, ६१, ३६, ४५, ४३, २०. बेरीज ४००, सरासरी ४०. सरासरी अगदी बरोबर आहे, आणि तरीही ४७, ५२, ६१, ४५ आणि ४३ या पाच वेळा हातातले ४० नग पुरले नाहीत. तुटवडा अनुक्रमे ७, १२, २१, ५ आणि ३ नगांचा. एकूण ४८ नग.

या एकाच वहीतून दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. "दहापैकी किती वेळा माल न संपता पार पडलो?" उत्तर, पाच वेळा, म्हणजे ५० टक्के. ही झाली सायकल सर्व्हिस लेव्हल. एका ऑर्डरपासून पुढच्या ऑर्डरपर्यंतचा फेरा म्हणजे एक सायकल. त्या फेऱ्यात एकदाही माल संपला नाही तर पास, संपला तर नापास. एक नग कमी पडला काय किंवा एकवीस पडले काय, नापास तो नापासच.

दुसरा प्रश्न: "गिऱ्हाइकांनी मागितलेल्या शंभर नगांपैकी किती नग मी लगेच काउंटरवरून दिले?" हा फिल रेट. दहा सायकलमध्ये बॅटनची मागणी साधारण दहा गुणिले ६०, म्हणजे ६०० नग. त्यातले ४८ देता आले नाहीत. म्हणजे ८ टक्के हुकले आणि फिल रेट ९२ टक्के.

कपॅसिटरची वहीही तंतोतंत अशीच आहे असं समजा. तेच दहा आकडे, तोच ४८ नगांचा तुटवडा, सायकल सर्व्हिस लेव्हल तीच ५० टक्के. पण तिथे एक सायकल ३०० नगांची. दहा सायकलमध्ये मागणी ३,००० नगांची. त्यात ४८ हुकले, म्हणजे १.६ टक्के. फिल रेट ९८.४ टक्के! दर दुसऱ्या ऑर्डरला माल संपतोय, आणि तरी शंभरातल्या ९८ गिऱ्हाइकांना माल हातात मिळतोय.

इथे बरेच जण अडखळतात, तुम्हीही अडखळला असाल तर थोडं थांबा. कारण सोपं आहे. माल संपायचा धोका फक्त ऑर्डर दिल्यानंतरच्या चार दिवसांत असतो. बाकी दिवस दुकान भरलेलं असतं. कपॅसिटरची सायकल ३० दिवसांची, त्यातले शेवटचे चार धोक्याचे. बॅटनची सायकल सहाच दिवसांची, त्यातले चार धोक्याचे. मला हे परीक्षेसारखं वाटतं. कपॅसिटरची परीक्षा महिन्यातून एकदा, बॅटनची दर सहा दिवसांनी. प्रत्येक पेपरात नापास व्हायची शक्यता सारखीच, पण वर्षभरात बॅटन पाचपट वेळा परीक्षेला बसते.

म्हणूनच कोणी "आम्ही ९५ टक्के सर्व्हिस देतो" म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: ९५ टक्के सायकल की ९५ टक्के नग? होलसेलर असो, सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस असो, विचाराच. अनेक पुस्तकांत आणि तयार एक्सेल शीटमध्ये सेफ्टी स्टॉकचं जे सूत्र असतं, ज्यात ९५ टक्क्यांसाठी १.६५ ने गुणतात, ते सायकल सर्व्हिस लेव्हलचं सूत्र आहे. त्यात ऑर्डर किती नगांची आहे हा आकडा येतच नाही. आणि आपण आत्ताच पाहिलं की फिल रेटमध्ये त्या आकड्यानेच सगळा फरक पडला.

आता वहीकडून सूत्राकडे जाऊ. दहा सायकलच्या वहीतून ४८ नग मोजता आले, पण रीऑर्डर पॉइंट ४० ऐवजी ५१ केला तर काय होईल, ५५ केला तर काय, हे दर वेळी दहा सायकल थांबून बघणं परवडणार नाही. तिथे नॉर्मल लॉस फंक्शन कामाला येतं. नाव भारदस्त आहे, काम साधं आहे: एका सायकलमध्ये सरासरी किती नग कमी पडतील ते सांगणं.

त्यासाठी दोन आकडे लागतात. एक, लीड टाइममधल्या मागणीची सरासरी, आपली ४०. दुसरा, ती सरासरीभोवती किती हेलकावते त्याचं माप, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. वहीतले दहा आकडे शीटमध्ये टाकून `STDEV.S` लावलंत तर १२.४ येईल. सोयीसाठी आपण १२ धरू.

मग रीऑर्डर पॉइंट सरासरीच्या किती वर आहे ते या १२ च्या भाषेत सांगायचं. रीऑर्डर पॉइंटमधून सरासरी वजा करा आणि १२ ने भागा. येणाऱ्या आकड्याला z म्हणतात. रीऑर्डर पॉइंट ४० असेल तर z शून्य, ५२ असेल तर z एक.

प्रत्येक z ला लॉस फंक्शनची एक ठरलेली किंमत असते. z शून्य असताना ती ०.३९८९, z ०.५ असताना ०.१९७८, z १ असताना ०.०८३३, z १.५ असताना ०.०२९३ आणि z २ असताना ०.००८५. या किमतीला स्टँडर्ड डेव्हिएशनने गुणलं की एका सायकलचा अपेक्षित तुटवडा मिळतो, नगांमध्ये.

आपल्या आकड्यांवर तपासून बघू. z शून्य, म्हणून १२ गुणिले ०.३९८९, बरोबर ४.७९ नग. वहीत काय होतं? दहा सायकलमध्ये ४८, म्हणजे सायकलला ४.८. जुळलं. (हे उदाहरण जुळावं म्हणूनच आकडे निवडलेत, हे कबूल करतो. तुमच्या खऱ्या वहीत इतकं चपखल बसणार नाही, थोडं इकडेतिकडे होईल.)

इथे नवीन मंडळींची एक ठरलेली चूक होते, ती आत्ताच सांगतो. ४.७९ म्हणजे "माल संपला की सरासरी पाच नग कमी पडतात" असा अर्थ नाही. ज्या सायकलमध्ये तुटवडा शून्य होता त्याही या सरासरीत धरलेल्या आहेत. माल संपला त्या पाच सायकलपुरतं बोलायचं तर ४८ भागिले ५, म्हणजे ९.६ नग कमी पडले. गिऱ्हाईक परत पाठवायची वेळ आली की एकदम नऊ-दहा जणांना पाठवावं लागतं, आणि उरलेल्या सायकलमध्ये कोणालाच नाही.

तुटवडा मिळाला की फिल रेट काढणं एका ओळीचं काम. अपेक्षित तुटवड्याला ऑर्डरच्या नगांनी भागा आणि एकातून वजा करा. शीट अशी मांडा:

```
B1   40      (लीड टाइममधली सरासरी मागणी)
B2   12      (तिचं स्टँडर्ड डेव्हिएशन)
B3   60      (एका ऑर्डरचे नग)
B4   51      (रीऑर्डर पॉइंट)
B5   =(B4-B1)/B2
B6   =NORM.S.DIST(B5,TRUE)
B7   =NORM.S.DIST(B5,FALSE)-B5*(1-B6)
B8   =B2*B7
B9   =1-B8/B3
```

`B6` मध्ये सायकल सर्व्हिस लेव्हल येते, `B7` मध्ये लॉस फंक्शन, `B8` मध्ये अपेक्षित तुटवडा आणि `B9` मध्ये फिल रेट. `B7` मधला पहिला `FALSE` आणि `B6` मधला `TRUE` यांची अदलाबदल झाली की उत्तर चुकतं आणि शीट काही तक्रार करत नाही. म्हणून आधी `B4` मध्ये ४० टाकून बघा. `B6` मध्ये ०.५ आणि `B7` मध्ये ०.३९८९ दिसलं तर शीट बरोबर आहे.

आता `B4` मध्ये ५१ टाका, म्हणजे बॅटनचा फोन ११ नग आधी करा. सायकल सर्व्हिस लेव्हल ८२ टक्के, तुटवडा १.१७ नग, फिल रेट ९८ टक्क्यांच्या किंचित वर. वहीशी ताडून बघा: दहा आकड्यांपैकी ५१ च्या वर दोनच आहेत, ५२ आणि ६१. तुटवडा १ आणि १०, मिळून ११ नग. म्हणजे सायकलला १.१. सूत्र आणि वही पुन्हा एकाच गावाला पोचले.

म्हणजे ९८ टक्के फिल रेटसाठी बॅटनला ५१ वर फोन करावा लागतो आणि सायकल सर्व्हिस लेव्हल ८२ टक्के लागते. कपॅसिटरला तोच ९८ टक्के फिल रेट किती वर मिळतो? `B3` मध्ये ३०० टाका आणि `B4` कमी करत जा. ३८ वर आलात की ९८ टक्के येतो. सरासरीपेक्षाही दोन नग कमी! सेफ्टी स्टॉक चक्क उणे. शीट बिघडलेली नाही. ती एवढंच सांगतेय की ३०० नगांत सहा नग हुकणं तुम्हाला चालणार असेल, तर सेफ्टी स्टॉकची गरज नाही.

चालणार का, हा प्रश्न मात्र शीटचा नाही, तुमचा आहे. म्हणून आता पैशाकडे वळू.

समजा बॅटन तुम्हाला २०० रुपयांना पडते आणि नगामागे ५० रुपये सुटतात. कपॅसिटर ३० रुपयांना पडतो आणि १५ रुपये सुटतात. परत गेलेलं गिऱ्हाईक त्या नगापुरतं तरी गेलंच असं धरू. दुकान वर्षाला ३६० दिवस चालतं असं धरलं तर बॅटनच्या वर्षाला ६० सायकल होतात आणि कपॅसिटरच्या १२.

बॅटनला ४० वर फोन केला तर वर्षाला ४.८ गुणिले ६०, म्हणजे २८८ नग हुकतात. नफा गेला १४,४०० रुपयांचा. ५१ वर फोन केला तर १.१७ गुणिले ६०, म्हणजे ७० नग हुकतात. नफा गेला ३,५०० रुपयांचा. त्यासाठी दुकानात कायम ११ नग जास्त राहिले, २,२०० रुपये अडकले. २,२०० रुपये अडकवून वर्षाला जवळजवळ ११,००० वाचले.

तेच ११ नग कपॅसिटरमध्ये वाढवले तर? तुटवडा तितकाच कमी होतो, ४.८ वरून १.१७. पण वर्षात १२ च सायकल, म्हणून वाचले फक्त ४४ नग, ६६० रुपये. अडकले ३३० रुपये.

कपॅसिटरचाही सौदा वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ३३० रुपये अडकवून दर वर्षी ६६० मिळत असतील तर कोण नाही म्हणेल? तेव्हा फिल रेट ९८ आला म्हणून हात झटकून मोकळं व्हायचं नाही. पण दुकान नवीन असतं, खेळतं भांडवल तोकडं असतं आणि चारशे आयटम तोंड वासून उभे असतात, तेव्हा पहिला रुपया कुठे टाकायचा हा खरा प्रश्न असतो. बॅटनमध्ये टाकलेला रुपया वर्षात सुमारे पाच रुपये वाचवतो, कपॅसिटरमधला दोन. सगळ्या आयटमना सरसकट "९५ टक्के, १.६५ ने गुणा" लावलं असतं तर दोन्हीत सारखेच २० नग वाढले असते आणि हा फरक कधी दिसलाच नसता.

उलट्या दिशेनेही हे लक्षात ठेवा. "माल कमी ठेवा, ऑर्डर वारंवार द्या" हा सल्ला मीही देतो. बॅटनची ऑर्डर ६० वरून ३० वर आणलीत आणि फोन ५१ वरच करत राहिलात, तर सायकलचा तुटवडा तोच १.१७ राहील, पण आता तो ३० नगांमागे आहे. फिल रेट ९८ वरून ९६. परत ९८ वर यायला फोन ५५ वर करावा लागेल. आणि ऑर्डर ३० ची असताना एक ऑर्डर वाटेत असतानाच दुसरी द्यायची वेळ येते, म्हणून ५५ मोजताना दुकानातला माल अधिक वाटेतला माल, दोन्ही धरायचे. नाहीतर रोज फोन करत बसाल.

मग सायकल सर्व्हिस लेव्हल टाकाऊ का? अजिबात नाही. किती नग कमी पडले याला महत्त्व नसून एकदा कमी पडणं हेच महाग असेल, तिथे तोच आकडा बघायचा. तुमचा चिवड्याचा किंवा लोणच्याचा छोटा कारखाना आहे आणि छापील पाउच संपले. शंभर कमी पडले काय, हजार कमी पडले काय, मशिन बंद, बायका बसून, त्या दिवसाची मजुरी अंगावर. तिथे ९९ टक्के फिल रेट हा खोटा दिलासा आहे. पाउच तुम्ही महिन्याचे एकदम मागवत असाल, तर फिल रेट मोठा दिसणारच. तिथे विचारायचं की वर्षातल्या बारा ऑर्डरींपैकी किती वेळा मशिन थांबलं. कच्चा माल आणि पॅकिंग मटेरियलला मी शक्यतो सायकल सर्व्हिस लेव्हल लावतो, काउंटरवर सुटा विकायच्या मालाला फिल रेट.

आता हा हिशोब कुठे फसतो ते सांगतो. दोन जागा आहेत, आणि दोन्हीकडे सूत्र बरोबर असतं पण आत टाकलेले आकडे चुकलेले असतात.

पहिली जागा वही. वर मी मागणीची नोंद वापरली, विक्रीची नाही. दुकानात ४० नगच होते तेव्हा ६१ हा आकडा कुठून आला? परत गेलेली गिऱ्हाइकंही लिहून ठेवली म्हणून. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बिलबुकात हा आकडा ४० च दिसेल, कारण त्याच्यावर विकायला नगच नव्हते. त्या हिशोबाने दहा सायकल अशा दिसतात: ३३, ४०, २४, ४०, ३९, ४०, ३६, ४०, ४०, २०. सरासरी ३५.२ आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ७.४. हे शीटमध्ये टाकून रीऑर्डर पॉइंट ४० ठेवा. फिल रेट किती येतो? ९८.१ टक्के. खरा फिल रेट ९२ असताना शीट सांगते की सगळं छान चाललंय. दरवर्षी २८८ गिऱ्हाइकं दारातून परत जातायत आणि कागदावर त्यांचा मागमूस नाही.

ओळखायचं कसं? नोंदीत एकच आकडा पुन्हा पुन्हा येत असेल आणि तो तुमच्या रीऑर्डर पॉइंटइतकाच असेल, तर ती मागणी नसून तुमच्या स्टॉकची मर्यादा आहे. इथे ४० पाच वेळा आलाय, बघा. उपाय स्वस्त आहे. गल्ल्याजवळ एक साधी वही ठेवा आणि "नाही" म्हटलेला प्रत्येक नग तिच्यात लिहा. तारीख, आयटम, नग, बस्स. काउंटरवरच्या पोरालाही सवय लावा, आणि "नाही" लिहिल्याबद्दल त्याला कधी ओरडू नका, नाहीतर वही कोरी राहील.

दुसरी जागा होलसेलरचे चार दिवस. तो म्हणतो चार, कधी दोन दिवसांत येतो, कधी सहा-सात. रोजच्या मागणीचा हेलकावा ६ नगांचा असेल तर नेमक्या चार दिवसांत तो १२ होतो. सहाला चाराने गुणायचं नाही, चाराच्या वर्गमुळाने, म्हणजे दोनने गुणायचं. कारण एखादा दिवस जास्तीचा गेला तर दुसरा कमीचा जातो आणि थोडं आपसात फिटतं. आता त्यात मालाच्या येण्याचा दोन दिवसांचा हेलकावा मिळवा. रोजच्या १० नगांप्रमाणे तो २० नगांचा होतो. हे दोन्ही एकत्र करताना साधी बेरीज करत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात: १४४ अधिक ४००, म्हणजे ५४४, त्याचं वर्गमूळ २३.३.

बारा होते ते तेवीस झाले. `B2` मध्ये २३.३ टाका, `B4` मध्ये तेच ५१ ठेवा. तुटवडा १.१७ वरून ४.८ वर आणि फिल रेट परत ९२ टक्के. ११ नग वाढवून जे कमावलं ते सगळं गेलं. पुन्हा ९८ वर यायचं तर फोन ६९ वर करावा लागतो, म्हणजे ११ ऐवजी २९ नगांचा सेफ्टी स्टॉक. हे जादा १८ नग, ३,६०० रुपये, होलसेलरच्या अनियमितपणाची किंमत म्हणून तुम्ही आपल्या खिशातून भरताय. दुसरा होलसेलर नगामागे दोन रुपये जास्त सांगत असेल पण चौथ्या दिवशी हमखास माल टाकत असेल, तर कोण स्वस्त हे आता तुम्ही गणित करून ठरवू शकता. ६० नगांच्या वर्षाला ६० ऑर्डरी, नगामागे दोन रुपये म्हणजे ७,२०० रुपये. या आकड्यांत तरी जुन्या होलसेलरकडेच राहून २९ नग ठेवणं परवडतं. नगामागे पन्नास पैसे जास्त असते तर वर्षाला १,८०० रुपये, आणि मग मी नव्याशी चहा प्यायला गेलो असतो.

वर्गमूळ वगैरे नको वाटत असेल तर सोपा मार्ग आहेच, आणि आपण तोच सुरुवातीला वापरला. फोन केला त्या दिवसापासून माल उतरला त्या दिवसापर्यंतची मागणी एकत्र मोजा, मग ते तीन दिवस असोत की सात. दोन्ही हेलकावे त्या एका आकड्यात आपोआप येतात. दहा-बारा सायकल जमल्या की `STDEV.S` लावा.

एक मर्यादा सांगून ठेवतो. हा नॉर्मलचा हिशोब रोज जाणाऱ्या मालाला बसतो. तुमच्या आयटमची लीड टाइममधली सरासरी स्टँडर्ड डेव्हिएशनच्या अडीच-तीन पट तरी असावी. आपली ४० आणि १२ अशी होती, म्हणून चाललं. महिन्याला एखाददुसरा जाणारा मोटर स्टार्टर यात घातला तर सूत्र उणे मागणीचीही शक्यता धरतं आणि उत्तराला अर्थ राहत नाही. तसंच एखादा कॉन्ट्रॅक्टर येऊन एकदम २५ बॅटन नेत असेल, तर स्टॉक ५५ वरून थेट ३० वर येतो. ५१ ची खूण मधल्या मध्ये ओलांडली जाते, फोन ३० वर होतो आणि खरा फिल रेट शीटपेक्षा कमी पडतो. अशा गिऱ्हाइकाला आदल्या दिवशी फोन करायला सांगा आणि त्याचा माल वेगळा मागवा. त्याचे नग वहीतही वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर त्याच्या एका खरेदीमुळे स्टँडर्ड डेव्हिएशन फुगेल आणि वर्षभर त्याच्यासाठी नग सांभाळत बसाल.

या आठवड्याचं काम: जास्त खपाचा एकच आयटम निवडा, "नाही" ची वही आजपासून सुरू करा, आणि सहा सायकल झाल्या की वरची शीट भरा. पुढच्या व्हिडिओत स्टार्टरसारख्या हळू जाणाऱ्या मालाचा हिशोब पॉयसनने कसा करायचा ते फळ्यावर करून दाखवतो.